पाच हजार माणसं आणि एक गुळाचा केक

इन्स्टाग्रामवर आपले पाच हजार फॉलोअर्स झाले, असं मी परवा रात्री जेवताना सांगितलं. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तोंडाशी नेलेली पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "एवढ्या माणसांचा केक करायचा हाय व्हय गं?"

म्हटलं, नाही हो आत्या, ती माणसं फक्त बघतात.

"नुसती बघत्यात? मग खाणारी किती?"

प्रश्न वर्मी लागला, कारण तो मलाही रोज पडतो. पाच हजारांतले निम्मे तरी माझ्या हातचा केक कधीच खाणार नाहीत, इतके लांब राहतात. काही पुण्याचे आहेत, काही दुबईचे, आणि एक गृहस्थ थेट ब्राझीलचे. ते माझ्या प्रत्येक केकखाली आगीचं चित्र टाकतात. केक जळला असं त्यांना म्हणायचं आहे की छान झाला असं, हे मी अजून विचारलेलं नाही. उरलेल्यांत आमचे नातेवाईक, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी, आणि राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंतच्या झाडून सगळ्या केकवाल्या. त्या माझे दर बघायला येतात. मीही त्यांच्याकडे त्याच कामासाठी जाते, त्यामुळं तक्रार नाही.

तर हे आभार आहेत. पाच हजार जणांनी रोज सकाळी उठून माझं पीठ चाळणं बघावं, ही काही लहान गोष्ट नव्हे. आमच्या घरात समोर बसून कुणी बघत नाही.

आभार मानणं हे काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. पण आधी बातमी धाकट्या भाऊजींच्या कानावर गेली, आणि त्यांनी ती तालमीत नेली. कोल्हापुरात बातमी तालमीत गेली की तिचा फ्लेक्स होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचा एक पोरगा दारात उभा. "वहिनी, फोटो पाहिजे. गॉगल लावून असला तर बरं." मजकूर त्यांनी तयारच ठेवला होता. वरती 'केकसम्राज्ञी', मध्ये मी, हातात केकची सुरी तलवारीसारखी धरलेली, आणि खाली शुभेच्छुक म्हणून पन्नासेक चेहरे. त्यातल्या एकानंही आजवर माझ्याकडून पाव किलोची ऑर्डर दिलेली नाही. हा फ्लेक्स चौकात लागला असता तर मला भाजी आणायला रंकाळ्याला वळसा घालून जावं लागलं असतं. शेवटी अर्ध्या किलोच्या केकवर तडजोड झाली. म्हणजे फॉलोअर्स वाढल्यावर पहिला केक फुकट गेला.

मग पोस्ट लिहायला बसले. चिरंजीव नववीत आहेत, त्यांनी खांद्यावरून वाचून निकाल दिला, "मम्मी, एवढं मोठं कोण वाचतंय? आकड्याचे फुगे आण, नाच, संपलं." आमचे हे एका कारखान्याच्या हिशेबखात्यात आहेत. त्यांनी पोस्ट शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. "दर कुठाय?" आभारात दर कसा घालायचा, म्हटलं. तर म्हणाले, "मग आभार कशाचे मानतीयेस?" आत्यांचं म्हणणं, सुरुवातीला अंबाबाईचं नाव पाहिजे, ज्योतिबाचं पाहिजे, आणि ज्यांनी पहिला ओव्हन घेऊन दिला त्यांचंही पाहिजे. पहिला ओव्हन आत्यांनी घेऊन दिला होता.

एवढ्या सगळ्यांचं समाधान होईल अशी पोस्ट तयार झाली, ती टाकायला म्हणून फोन उघडला, तर आकडा ४९९८. दोघं निघून गेले होते. आता पाच हजारांचे आभार ४९९८ माणसांसमोर कसे मानायचे? संध्याकाळी परत ५००३ झाले, तेव्हा दूध ओतू चाललं होतं. रात्री पुन्हा ४९९९. शेअर बाजारवाली माणसं कशी जगतात ते मला त्या दिवशी समजलं.

त्या गडबडीत एक मात्र झालं. आकडा बघायला म्हणून मी मेसेज उघडत राहिले आणि ध्यानात आलं की मला जे विचारलं जातं, त्यात एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "ताई, तुमच्यासारखा कणीक-गुळाचा केक केला. बसला. काय चुकलं?" तेव्हा ठरवलं, नाच नको, फुगे नकोत. आभार म्हणून या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं. हातचं काही राखायचं नाही. आमच्या ह्यांचा चेहरा पडला. "सगळी कृती देऊन टाकलीस तर ऑर्डर कोण देणार?" त्यावर मी शेवटी येते.

आधी गूळ. कोल्हापूरची बाई गुळाचा केक करते म्हटल्यावर बाहेरच्यांना वाटतं, हिच्या परसात गुऱ्हाळ असणार. आमच्या परसात तीन बिऱ्हाडांच्या गाड्या लागतात. गूळ मीही बाजारातूनच आणते, आणि तिथंच पहिली कुस्ती होते. दुकानदार ठरल्याप्रमाणे पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, पुढं करतो. "वहिनी, हा बघा की. हा माल गुजरातला जातोय." मला गुजरातला जायचं नाही, मला केक करायचाय. तो पिवळा रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरीनं आणलेला असतो. उसाचा रस काहिलीत उकळताना मळी वर येते, ती काढायला रानभेंडीचा चिकट रस घालायची जुनी रीत आहे. त्यानं रस स्वच्छ होतो, पण गूळ तांबूसच उतरतो. गिऱ्हाइकाला हवा सोन्यासारखा, म्हणून मग पावडर. तांबूस दिसला म्हणजे गूळ चांगलाच, असंही नाही. आधी रस जळका असेल तरी गूळ काळा पडतो, आणि मग केक कडवट लागतो. म्हणून मी रंगावर फार जात नाही. एक खडा तोंडात टाकते आणि डोळे मिटून उभी राहते. दुकानातली इतर माणसं तोवर बाजूला सरकतात.

चव बघायचं आणखी एक कारण आहे. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ खारट येतो. चहात ते लपतं, केकमध्ये उठून दिसतं. तसा गूळ पदरात पडलाच तर केकमध्ये वेगळं मीठ घालायचं नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे बोटानं दाबून बघायचं. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात तेव्हाचा नवा गूळ मऊ असतो, त्यात पाणी जास्त. पावसाळ्यात जुना गूळही हवेतली ओल ओढून पाझरायला लागतो. बोट रुतलं तर पुढं कृतीत जे पाणी सांगणार आहे त्यातलं दोन चमचे कमी करायचं. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय, असं वाटतं. गडहिंग्लजच्या ताईंनाही तसंच वाटलं होतं. त्यांची गोष्ट पुढं येते.

सात इंची गोल डब्याचं माप सांगते. कणीक २०० ग्रॅम, गूळ १६० ग्रॅम, दही १८० ग्रॅम, तेल ९० मिलि, पाणी ८० मिलि, बेकिंग पावडर एक टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, वेलची आणि थोडं जायफळ. अंडं नाही. आत्यांच्या ओव्हनमध्ये अंडं जात नाही, हा कायदा आहे. मटणाचा डबा ज्या घरात बुधवार-शुक्रवार-रविवार शिजतो त्या घरात अंड्यानं ओव्हन कसा बाटतो, हा प्रश्न मी विचारलेला नाही आणि विचारणारही नाही.

गूळ बारीक चिरून त्या पाण्यात मंद आचेवर फक्त विरघळवायचा. उकळायचा नाही. उकळला की पाणी आटून पाक व्हायला लागतो आणि केकची वरची कड चिक्कीसारखी होते. विरघळला की बारीक गाळणीतून गाळायचा. ही पायरी सगळ्यांना टाळायची असते. एकदा गाळून गाळणीकडे बघा, एवढंच म्हणते. चिपाडाचे तुकडे, वाळूचे कण, पोत्याचा धागा, आणि कधी कधी एखादा मुंगळा, जो बिचारा गोड मरण मरलेला असतो. वाळूचा एक कण दाताखाली आला की बाकीचा केक कितीही चांगला असला तरी खाणाऱ्याला तो कणच आठवतो.

आता खरी जागा. हे गुळाचं पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं. कोमट नव्हे, गार. बहुतेक केक इथंच बसतात. खायचा सोडा दह्यातल्या आंबटाला भेटला की लगेच वायू सुटायला लागतो, गूळही थोडा आम्लच असतो. त्या वायूनं केक फुगायचा असतो. पण पाणी गरम असेल तर हा सगळा कारभार पातेल्यातच जोरात सुरू होतो. वरती छान फेस येतो, बाईला वाटतं काय हलकं झालंय मिश्रण, आणि तोवर ओव्हनच्या वाटणीची हवा स्वयंपाकघरात उडून गेलेली असते. शिवाय गरम पाण्यात दही फाटतं ते वेगळंच. मी गुळाचं पाणी सकाळी करून ठेवते आणि केक दुपारी. घाई असेल त्या दिवशी पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवते.

गार पाण्यात दही आणि तेल घालून एकजीव करायचं. दही ताजं हवं, आंबट नको, आणि वरचं पाणी सुटलेलं नको. कणीक, बेकिंग पावडर, सोडा, वेलची तीनदा चाळून घ्यायची, चाळणीत राहिलेला कोंडा टाकायचा नाही, परत त्यातच घालायचा. सोडा नीट पसरला नाही तर केकमध्ये तपकिरी ठिपके येतात आणि नेमका तो ठिपका पाहुण्याच्या वाट्याला जातो. मग कोरडं ओल्यात घालून हलक्या हातानं मिसळायचं. आपल्याकडच्या बायकांचे हात भाकरी बडवून तयार झालेले. पीठ दिसलं की मळायचं, हेच त्यांना माहीत. इथं मळलं की कणकेतला चिकटपणा जागा होतो आणि केक रबरी होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. दोन-चार गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा थोडं दाट असावं. ते तयार झालं की फोन घ्यायचा नाही, बेल वाजली तर वाजू द्यायची, सरळ ओव्हनमध्ये. ओव्हन आधीच तापलेला पाहिजे.

तापलेला म्हणजे किती? १७० अंश, चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. पण घरगुती ओटीजीच्या बटणावर जे लिहिलेलं असतं ते त्याचं मत असतं. आमचा जुना ओव्हन १७० ला लावला की आत १९० च्या आसपास असायचा. हे मला आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणल्यावर समजलं. गुळाच्या केकला हे जास्त बाधतं. गूळ साखरेपेक्षा लवकर रंग धरतो, त्यामुळं वरून केक झालेला दिसतो आणि आत अजून खीर असते. पंचवीसेक मिनिटं झाली, वरचा भाग घट्ट झाला आणि रंग पुरेसा आला, की वरती फॉइल सैलसर झाकायची आणि दार लगेच लावायचं. त्याआधी दार उघडायचं नाही. कुणी कितीही म्हणो, "बघू तरी फुगलाय का." काचेतून बघा म्हणावं.

झाला की नाही हे काडी घालून बघतात. गुळाच्या केकमध्ये काडी अगदी कोरडी निघायची वाट बघू नये, तोवर तो सुकतो. काडीला ओलसर चुरा लागला तरी चालतो, ओलं पीठ लागता कामा नये. माझा जास्त भरवसा कडेवर. केकनं डब्याची कड सोडली आणि मधोमध बोटानं हलकं दाबल्यावर तो परत वर आला, की झाला.

आता गडहिंग्लजच्या ताई. त्यांनी फोटो पाठवला. मधोमध खड्डा, कडा उंच, रंग चॉकलेटसारखा गडद. खाली लिहिलं होतं, "तुमचीच कृती. गूळ पण कोल्हापूरचा." म्हणजे दोष द्यायला आता फक्त मी उरले होते.

मी चौकशी सुरू केली. अशा वेळी आधी विचारायचं, फुगून बसला की फुगलाच नाही? मुळातच फुगला नसेल तर पाणी गरम होतं किंवा मिश्रण ओट्यावर बसून राहिलं. ताई म्हणाल्या, भरपूर फुगला होता, डब्याच्या वर आला होता, मग धाडकन गेला. म्हणजे हवा होती, उलट जास्तच होती. मग विचारलं, चव? थोडा वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "आमचे मिस्टर म्हणाले साबणासारखा लागतोय. डबा त्यांनीच घासला होता, म्हणून मी त्यांना खूप बोलले. नीट धुवायला नको का डबा?"

गडद रंग, साबणासारखी चव, वर येऊन खाली बसणं. तिन्ही एकत्र आले की सोडा जास्त झालाय. दही आणि गूळ मिळून जेवढा सोडा संपवतील तेवढाच घालायचा असतो, वरचा उरलेला सोडा तसाच राहतो आणि तोच साबणासारखा लागतो, रंगही तोच काळवंडवतो. वायू इतका सुटतो की केकचं अंग पक्कं व्हायच्या आधीच बुडबुडे फुटतात. विचारलं, अर्धा चमचा कुठला घेतला? त्यांनी चमच्याचाही फोटो पाठवला. पोहे खायचा चमचा. तोही शीग लावून भरलेला. टीस्पून म्हणजे ५ मिलिचं माप, सपाट, वरून सुरीनं पुसलेलं. पोह्याचा चमचा त्याच्या कितीतरी पुढं जातो, आणि शीग धरली तर विचारूच नका.

पण खाली एक चिकट थरही होता, तो सोड्यानं येत नाही. ताईंनी गूळ वाटीनं मोजला होता, किसून, आणि वर हातानं दाबून. "एक वाटीच घातला ताई, जास्त नाही." सैल भरलेला किसलेला गूळ आणि दाबून भरलेला गूळ यांत एवढा फरक पडतो की केक आणि शिरा यांच्यातलं अंतर मिटतं. त्यात महिना डिसेंबरचा, गूळ नवा, बोट रुतणारा, आणि पाणी पूर्ण ८० मिलि. न विरघळलेले खडे तळाला गेले आणि जादा ओल तिथंच बसली. ताईंना सांगितलं, एक किचनचा काटा घ्या, फार महाग नसतो, आणि मिस्टरांची माफी मागा. काटा त्यांनी घेतला. पुढचा केक सपाट, मऊ आला, त्याचा फोटो आहे माझ्याकडे. माफीबद्दल काही कळवलेलं नाही.

केक बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं डब्यातच, मग जाळीवर, आणि पूर्ण निवल्यावर सुरी. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी. गूळ ओल धरून ठेवतो, ती रात्रीत सगळीकडे सारखी पसरते, कडा मऊ होतात, वेलची मुरते. आमच्या घरात हा प्रयोग कधी पूर्ण होत नाही. झाकून ठेवलेल्या केकला सकाळी बाजूनं उंदरानं कुरतडल्यासारखी कड असते. आमच्याकडे उंदीर नाहीत, नववीतला मुलगा आहे.

या केकवर मी क्रीम लावत नाही, यावरून माझी बरीच भांडणं झाली आहेत. गुळाची पावडर क्रीममध्ये पूर्ण विरघळत नाही, थोड्या वेळानं तिला पाणी सुटतं आणि क्रीम रडायला लागतं. साखरेचं क्रीम लावावं तर गुळाचा केक कशाला केला? पण तालमीतल्या पोरांना हे पटत नाही. "वहिनी, क्रीम नाही तर भाऊंच्या तोंडाला फासायचं काय?" भाऊंचा वाढदिवस म्हणजे केक तोंडाला फासणं आलंच, आणि कुणीतरी तलवार काढतोच. तलवारीनं केक कापला म्हणून पोलिसांनी धरल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो, तरी हौस काही जात नाही. माझा केक तलवारीनं कापला तर त्याचा चुरा होतो, हे मी आधीच सांगून टाकते. बिनक्रीमच्या केकवर नावही लिहिता येत नाही. नाव हवंच असेल तर चिठ्ठीवर लिहून डब्यात घालते. एका आजोबांनी ती चिठ्ठी जपून पाकिटात ठेवली, केक मात्र नातवांनी संपवला.

आता आमच्या ह्यांच्या काळजीकडे येते. सगळं सांगून टाकल्यावर ऑर्डर कोण देणार? मी ही कृती याआधी मागणाऱ्या अनेकींना एकेकटीला पाठवली आहे. त्यात काही जणींनी केक केला, छान केला, आणि आता त्या मला शिकवतात. बऱ्याच जणींचा उत्साह मात्र गाळणीपर्यंत टिकतो. मुंगळ्याचा परिच्छेद वाचून झाला की उत्तर येतं, "ताई, राहू दे. तुम्हीच एक किलो करून द्या." हे मी हिशेबखात्याला वहीत दाखवलं. तेव्हापासून त्यांनी कृतीवरचा आक्षेप मागे घेतलाय, आणि मुंगळ्याबद्दल अजून थोडं लिही, असं सुचवलंय.

म्हणून जाता जाता, अगदी हळू आवाजात एवढंच. गुळाचा केक दोन दिवस आधी सांगा. गुळाचं पाणी गार व्हायला आणि केक मुरायला मला तेवढा वेळ लागतो. शनिवारी संध्याकाळी फोन करून रविवारी सकाळी मागितलात तर मी नाही म्हणेन, आणि मग तुम्हाला राग येईल. अर्धा किलोपासून करते. थंडीत बाहेर तीन-चार दिवस राहतो, पावसाळ्यात दोन दिवसांनी फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरतो. फ्रीजमधून काढला की अर्धा तास बाहेर ठेवून मगच खा, गार असताना तो उगाच घट्ट लागतो. डब्यावर फूड रजिस्ट्रेशनचा चौदा आकडी नंबर आहे, तो मी मोठ्या कौतुकानं छापून घेतलाय आणि आजवर कुणीही वाचलेला नाही. डबा परत आणून दिलात तर आत्या खूश होतात.

दर मी इथं लिहिलेला नाही. आभारात शोभत नाही म्हणून. विचारायला लाजू नका, फोन आमचे हे उचलतात, आणि त्यांना तो सांगायला फार आवडतो.